रद्द कोणी केले? लांब पल्ल्याच्या प्रवासी सेवा चालवणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
लांब पल्ल्याच्या बस, रेल्वे व विमान सेवा चालवणाऱ्या कंपन्यांचे संचालक आणि त्यांच्या परतावा विभागांचे प्रमुख यांस,

स.न.वि.वि.

आपण एखादी सेवा रद्द करता तेव्हा प्रवाशापुढे दोन मार्ग असतात. एक, पैसे परत घेणे. दुसरा, दुसऱ्या वेळेच्या किंवा दुसऱ्या मार्गाच्या सेवेत जागा घेणे. या दोहोंतला कोणता मार्ग घ्यायचा हे प्रवाशाने ठरवायचे असते, आणि हे तत्त्व आपल्यापैकी बहुतेकांनी आपल्या अटी-शर्तींतही लिहून ठेवलेले आहे. तरीही परताव्याचे वाद संपत नाहीत, कारण वाद या तत्त्वावर होतच नाही. तो आरक्षणाच्या नोंदीतल्या एका लहानशा रकान्यावर होतो आणि त्या रकान्यात काय लिहिले गेले आहे हे प्रवाशाला बहुधा ठाऊकच नसते. मी काही वर्षे अशाच एका कंपनीच्या परतावा विभागात काम केले आहे. ती नोकरी सोडल्यापासून अडकलेल्या प्रवाशांचे कागद वाचून त्यांना अर्ज लिहून देण्याचे काम करते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हा रकाना मी पाहिला आहे, आणि हे पत्र मुख्यतः त्याच्याचविषयी आहे.

तो रकाना म्हणजे तिकीट कोणी रद्द केले याची नोंद. संगणकात रद्द होण्याचे दोन प्रकार असतात: कंपनीने केलेले आणि प्रवाशाने स्वेच्छेने केलेले. पहिल्या प्रकारात पूर्ण रक्कम परत मिळते, कोणतेही शुल्क कापले जात नाही आणि नवी जागा देताना भाड्यातला फरक मागितला जात नाही. दुसऱ्या प्रकारात तिकीट ज्या सवलतीच्या दराने घेतले असेल त्या दराचे नियम लागू होतात. त्यांत कपात असते आणि अनेकदा परतावा शून्य असतो. परतावा विभागात बसलेल्या कर्मचाऱ्याला वादळ दिसत नाही, बिघडलेले इंजिन दिसत नाही, रात्री बाकावर बसून राहिलेले कुटुंबही दिसत नाही. त्याला एवढी एक नोंद दिसते आणि तिच्यावरून हिशेब आपोआप होतो. नोंद चुकीची असेल तर तो कर्मचारी कितीही सहृदय असला तरी त्याच्या हातात फारसे काही नसते, कारण ती बदलण्याचा अधिकार त्याच्या पातळीवर नसतो. प्रवाशाला वाटते की आपण माणसाशी बोलत आहोत. प्रत्यक्षात तो त्या रकान्याशी बोलत असतो.

आता ही नोंद चुकते कशी ते पाहू, कारण यात आपल्या यंत्रणेचा वाटा मोठा आहे. सेवा रद्द झाली की आपण प्रवाशाला संदेश पाठवता: ‘तांत्रिक कारणास्तव आपली सेवा उपलब्ध होणार नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया अॅपवरून पुढील कार्यवाही करावी.’ प्रवासी अॅप उघडतो. तिथे ‘तिकीट रद्द करा’ एवढे एकच बटण असते, कारण ते अॅप साध्या दिवसांसाठी बनवलेले आहे. संदेशात कार्यवाही करायला सांगितले म्हणून तो ते बटण दाबतो आणि त्या क्षणी कंपनीने रद्द केलेली सेवा कागदोपत्री प्रवाशाने रद्द केलेली होते. पुढच्या पडद्यावर कपातीचा आकडा दिसतो, पण तोवर उशीर झालेला असतो. काही यंत्रणांत कंपनीकडून रद्द झाल्याची खूण वेळेवर चढलेली असेल तर तेच बटण दाबूनही पूर्ण पैसे मिळतात. मात्र ती खूण चढली आहे की नाही हे प्रवाशाला बाहेरून कळण्याची सोय नसते.

दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. सेवा जाणार नाही हे आपल्या संचालन कक्षाला आदल्या दिवशीच माहीत असते. गाडी उपलब्ध नाही, चालक वा वैमानिकांचे तास संपलेले आहेत, मार्ग बंद आहे. पण अधिकृत घोषणा काही तासांनी होते. त्या मधल्या काळात चिंतेत असलेला प्रवासी हेल्पलाइनवर फोन करतो आणि त्याला सांगितले जाते, ‘अजून रद्द झाल्याचे दिसत नाही, तुम्हाला नको असेल तर तुम्ही रद्द करू शकता.’ हे वाक्य खोटे नाही, पण ते ऐकून ज्याने रद्द केले त्याचे पैसे कापले जातात आणि शेजारच्या जागेवरच्या, काहीच न केलेल्या माणसाला पूर्ण रक्कम मिळते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी एवढेच सांगते की कंपनीने लेखी रद्द म्हणेपर्यंत आपण होऊन काहीही रद्द करायचे नाही, मग फोनवरचा आवाज कितीही मदतीचा वाटो. असा सल्ला द्यावा लागणे हे आपल्या व्यवस्थेला भूषणावह नाही, कारण जागा आधी मोकळी झाली तर तिचा उपयोग आपल्यालाच झाला असता.

तिसरा प्रकार गप्प राहण्याचा. सेवा रद्द करताच यंत्रणा प्रवाशाला आपोआप दुसऱ्या दिवशीच्या सेवेत बसवते आणि ‘आपले नवे तिकीट निश्चित झाले आहे’ असे कळवते. त्याखाली ‘ठीक आहे’ असे बटण असते. ते दाबले की बदल मान्य केल्याची नोंद होते. काही ठिकाणी तर न दाबताही ठरावीक तासांनंतर मान्यता गृहीत धरली जाते. नंतर प्रवासी पैसे मागायला आला की त्याला सांगितले जाते की आपण पर्याय स्वीकारला होता. सूचना वाचल्याची खूण आणि पर्याय निवडल्याची खूण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच बटणात बसवणे ही माझ्या मते साधी ढिलाई नाही. यातून होणारा फायदा एकाच बाजूला जातो हे कोणाच्या लक्षात आले नसेल असे मला वाटत नाही.

ही कामे नीट करता येतात याची उदाहरणे आहेत. भारतीय रेल्वेत गाडी संपूर्ण मार्गावर रद्द झाली तर ई-तिकिटाची रक्कम प्रवाशाने अर्ज न करता परत जमा होते. अमेरिकेत 2024 साली विमान कंपन्यांसाठी असा नियम करण्यात आला की कंपनीने उड्डाण रद्द केले आणि प्रवाशाने दिलेला पर्याय स्वीकारला नाही, तर मागणीची वाट न पाहता पैसे परत करायचे. क्रेडिट कार्डाने भरले असतील तर कामकाजाच्या 7 दिवसांत. म्हणजे ‘प्रवाशाने अर्ज केलाच नाही’ ही सबब यंत्रणेतूनच काढून टाकता येते.

व्हाउचरविषयी थोडक्यात लिहिते. व्हाउचर देऊ नये असे मी म्हणत नाही. ज्याला लवकरच पुन्हा जायचे आहे त्याला ते सोयीचेही असते, विशेषतः त्यात काही रक्कम वाढवून दिली असेल तर. पण व्हाउचर स्वीकारले की पैशांचा दावा संपतो, बँकेकडे तक्रार करण्याचा मार्गही जवळजवळ बंद होतो, आणि मुदत उलटली की हातात काही उरत नाही. युरोपीय संघाच्या 2004 सालच्या 261 क्रमांकाच्या विमानप्रवास नियमात परतावा व्हाउचरच्या रूपात द्यायचा असेल तर प्रवाशाची सही असलेली संमती लागते. सहीची अट तिथे का घातली असेल हे आपण ओळखू शकता. आपल्या पडद्यावर व्हाउचरचे बटण मोठे व रंगीत आणि ‘मूळ खात्यात रक्कम परत’ हा पर्याय तीन पाने आत असेल, तर त्याला निवड म्हणता येणार नाही.

आता हिशेबाकडे वळते, कारण खरी रस्सीखेच इथे होते. एक उदाहरण घेऊ; आकडे सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत. एका प्रवाशाने जाण्यायेण्याचे एकत्र तिकीट 10,000 ला घेतले. एका बाजूचे अंतर 1,000 किलोमीटर असून त्यात 300 किलोमीटरवर सेवा बदलायची आहे. पहिला टप्पा वेळेवर पार पडला. संध्याकाळी तो बदलाच्या ठिकाणी उतरला तेव्हा 700 किलोमीटरचा दुसरा टप्पा रद्द झाल्याचे कळले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची मुलाखत होती आणि आपण देऊ केलेली पुढची जागा परवा दुपारची होती. परवा दुपारी पोहोचून त्याचा काही उपयोग नव्हता. तेव्हा त्याने काउंटरवर जाऊन पैसे परत मागितले. किती?

परतावा विभागात या प्रश्नाला चार उत्तरे असतात, आणि त्यांतले कोणते दिले जाईल हे पुष्कळदा समोर कोण बसले आहे यावर ठरते. पहिले उत्तर असे की जो टप्पा रद्द झाला तेवढ्याचेच पैसे द्यायचे. अंतराच्या प्रमाणात ते 3,500 होतात. दुसरे उत्तर, न केलेल्या सर्व प्रवासाचे पैसे, म्हणजे रद्द टप्पा आणि परतीचा संपूर्ण प्रवास मिळून 8,500. तिसरे उत्तर, केलेल्या टप्प्याचे सुटे तिकीट आज घेतले असते तर जे भाडे पडले असते ते कापून उरलेले द्यायचे. ऐन वेळचे सुटे भाडे 3,200 असेल तर प्रवाशाला 6,800 मिळतात. चौथे उत्तर, प्रवासाचा हेतूच फसला असल्याने केलेल्या टप्प्यासकट पूर्ण 10,000 परत, आणि त्याशिवाय जिथून निघाला तिथे परत नेऊन सोडणे.

यांपैकी पहिले उत्तर सर्वांत जास्त वेळा दिले जाते आणि तेच सर्वांत घातक आहे. प्रवाशाला वाटते की आपला परतीचा 5,000 चा भाग अजून सुरक्षित आहे. कागदावर तो असतोही. पण ती परतीची सेवा जिथून सुटणार आहे तिथे हा माणूस पोहोचलेलाच नाही. तो 700 किलोमीटर अलीकडे अडकला आहे आणि उद्या घरी परतणार आहे. ठरल्या दिवशी परतीची सेवा त्याच्याशिवाय सुटते, नोंदीत ‘नो-शो’ पडते आणि 5,000 जप्त होतात. थोडक्यात, 300 किलोमीटर नेण्याचे कंपनीला 6,500 मिळाले. कोणी लबाडी केली असे इथे म्हणता येत नाही. प्रत्येक पायरी नियमानुसार झाली. फक्त पहिल्या पायरीवर कोणी विचारले नाही की या माणसाच्या दृष्टीने हा प्रवास कितीसा उरला आहे.

तिसऱ्या उत्तरातली खोच अशी की कापलेले भाडे हे त्याने कधी दिलेलेच नाही. त्याने टप्पे जोडून स्वस्तात तिकीट घेतले होते. तोडले कंपनीने, आणि तोडण्याचा खर्च मात्र त्याच्या पदरात. प्रवाशाने मधेच आपण होऊन प्रवास सोडला असता तर ही रीत समर्थनीय ठरली असती. कंपनीने रद्द केले असताना ती लावणे म्हणजे रकान्यातली चूक मागच्या दाराने पुन्हा आत आणणे आहे.

चौथे उत्तर ऐकून आपल्यापैकी काहींना ते अवाजवी वाटेल. पण वर उल्लेखलेल्या युरोपीय नियमाच्या आठव्या कलमात नेमके हेच आहे: न केलेल्या भागाची किंमत, प्रवाशाच्या मूळ योजनेच्या दृष्टीने प्रवास निरर्थक झाला असेल तर केलेल्या भागाचीही, आणि जिथे लागू असेल तिथे निघाल्या ठिकाणी लवकरात लवकर परत नेणे. तिथल्या बस आणि रेल्वे प्रवासाच्या नियमांतही केलेल्या भागाविषयी हीच कल्पना आहे. हेतू फसला हे दाखवण्याचे ओझे प्रवाशावर येते आणि ते यावे, यात मला आक्षेप नाही. मुलाखतीचे पत्र, सुनावणीची तारीख, पुढच्या जहाजाचे तिकीट, असा वेळेला बांधलेला एखादा कागद पुरेसा असतो. सुट्टीवर निघालेल्या माणसाला मात्र एक दिवस उशिरा पोहोचूनही प्रवासाचा बराचसा उपयोग उरतो, आणि त्याने पूर्ण रकमेचा हट्ट धरला तर मी त्याला 8,500 च्या उत्तराकडे वळवते. सगळे प्रवासी बरोबर असतात असे समजून हे पत्र मी लिहिलेले नाही.

आपल्याकडून मला हवे आहे ते एवढेच की चारांपैकी कोणती रीत लावली हे परताव्याच्या पत्रात लिहा. ‘नियमानुसार देय रक्कम 3,500’ या वाक्याला उत्तर देता येत नाही. ‘रद्द झालेला टप्पा 700 किलोमीटर, एकूण 2,000 पैकी, त्या प्रमाणात 3,500, परतीचा भाग वैध’ असे लिहिले की प्रवाशाला परतीच्या भागाचा घोळ त्याच दिवशी दिसतो आणि वाद महिनाभर चालत नाही.

त्याच प्रवाशाने पैसे न मागता पुढे जायचे ठरवले असते तर? इथे बोलणी वेगळ्या पद्धतीने होतात आणि क्रमाला फार महत्त्व येते. परताव्याचा अर्ज एकदा भरला की बहुतेक यंत्रणांत आरक्षण बंद होते आणि त्याबरोबर दुसरी जागा देण्याची कंपनीची जबाबदारीही संपते. रागाच्या भरात आधी पैसे मागून मग जागा मागणाऱ्याला दोन्हीकडून नकार मिळतो. म्हणून ज्याला पोहोचायचेच आहे त्याने आधी जागा मागावी, आणि मागताना ‘काहीतरी करा’ असे म्हणू नये. काउंटरवरचा कर्मचारी रांगेतल्या शंभर जणांसाठी पर्याय शोधू शकत नाही; मात्र सेवेचा क्रमांक, वेळ आणि जागा शिल्लक असल्याचे कोणी समोर ठेवले तर ती नोंदवायला त्याला थोडा वेळ पुरतो. आमच्या प्रवाशाने रात्री साडेदहाला दुसऱ्या कंपनीची सेवा 4,500 ला उपलब्ध आहे हे पाहिले. त्याने आपल्या अॅपवरच्या तक्रार-खिडकीत लिहिले की माझा रद्द टप्पा अमुक, आपला पर्याय परवा दुपारचा, त्याने माझा हेतू साधत नाही. अमुक सेवेत जागा आहे, त्यात मला बसवावे किंवा आजच रात्री पोहोचवणारा दुसरा पर्याय नऊ वाजेपर्यंत कळवावा. न कळवल्यास मी ती जागा घेईन आणि खर्च मागेन. हाच मजकूर त्याने ईमेलनेही पाठवला.

या चार ओळींत धमकी नाही. त्यांत काय रद्द झाले, काय देऊ केले होते, ते अपुरे का, दुसरे काय शक्य होते आणि कंपनीला संधी दिली होती का, हे सारे आहे. नंतर कोणताही मंच हेच पाच प्रश्न विचारतो. आपल्या बाजूने उत्तर आले नाही तर 4,500 चा दावा उभा राहतो. ‘आम्हाला विचारले असते तर आम्हीच व्यवस्था केली असती’ हा आपला नेहमीचा बचाव उरत नाही. युरोपात 2023 पासून लागू असलेल्या रेल्वे नियमात तर ही मुदत लिहूनच दिली आहे: ठरलेल्या सुटण्याच्या वेळेपासून 100 मिनिटांत पर्याय कळवला नाही, तर प्रवासी दुसऱ्या सार्वजनिक वाहतुकीने जाऊ शकतो आणि आवश्यक व वाजवी खर्च रेल्वे कंपनीने द्यायचा. तिथल्या लांब पल्ल्याच्या बससाठीच्या नियमात, सेवा रद्द होऊनही परतावा की पुढचा प्रवास ही निवड प्रवाशापुढे ठेवलीच नाही, तर परताव्याखेरीज तिकिटाच्या निम्मी रक्कम भरपाई म्हणून द्यावी लागते. दोन्ही नियमांचा रोख सेवा रद्द होण्यापेक्षा गप्प राहण्यावर अधिक आहे, आणि परतावा विभागात जे पाहिले त्यावरून तो रोख मला अगदी योग्य वाटतो. वाजवी या शब्दाला मर्यादाही आहे. रात्रीची बस उपलब्ध असताना एकट्याने खासगी मोटार करून गेलेल्याला ते पैसे मिळणे कठीण, आणि तसे मी अर्ज लिहून देण्याआधीच सांगते.

अशा वेळी परतीचा भाग जपणे हे एक वेगळे काम असते आणि ते हमखास राहून जाते. प्रवासी दुसऱ्या कंपनीच्या सेवेने पोहोचला, मुलाखत दिली, आणि परतीच्या दिवशी आपल्या सेवेवर गेला तर त्याचे तिकीट नोंदीतून गायब झालेले असते. कारण मधला टप्पा वापरला गेला नाही म्हणून यंत्रणेने पुढचे सर्व टप्पे रद्द केले. विमान प्रवासात ही अट सर्रास असते. सेवा कंपनीनेच रद्द केली असताना ती लागू व्हायला नको, हे कर्मचाऱ्यांना पटते, पण संगणकाला सांगावे लागते. पीएनआरच्या नोंदीत ‘टप्पा कंपनीने रद्द केला, परतीचा प्रवास कायम ठेवावा’ असा शेरा घालायला काउंटरवर अर्धा मिनिट लागतो. हा शेरा प्रवाशाने मागितल्यावर घालण्याऐवजी सेवा रद्द करतानाच आपोआप पडावा, अशी व्यवस्था करणे आपल्याला अवघड नाही.

‘अपवादात्मक परिस्थिती’ या शब्दप्रयोगाचा एक गैरवापर इथे नोंदवते. वादळ, पूर, संप, हवाई क्षेत्र बंद होणे अशा कारणांनी अनेक नियमांत दंडवजा नुकसानभरपाईतून कंपनी सुटते. तिकिटाच्या परताव्यातून ती सुटत नाही, कारण सेवा दिलीच नाही तर तिची किंमत ठेवून घेण्याचा प्रश्न हवामानाचा नसतो. आपल्या ठरावीक उत्तरांत मात्र ‘परिस्थिती आमच्या नियंत्रणाबाहेर असल्याने आपली मागणी मान्य करता येत नाही’ असे एकच वाक्य तिन्ही मागण्यांना चिकटवलेले असते: भरपाई, राहण्याजेवणाची सोय आणि परतावा. पुष्कळ प्रवासी ते वाचून परताव्याचाही नाद सोडतात. निदान ही तीन उत्तरे वेगवेगळी लिहा.

तिकीट एजंटकडून किंवा तिकीटविक्रीच्या संकेतस्थळावरून घेतलेले असेल तर प्रवासी चेंडूसारखा इकडून तिकडे टोलवला जातो. कंपनी सांगते एजंटाला विचारा, एजंट सांगतो कंपनीने अजून पैसे सोडलेले नाहीत. यात खरे कोण हे शोधण्याची एक सोपी जागा आहे: कार्डाच्या किंवा बँकेच्या स्टेटमेंटवर पैसे घेणाऱ्याचे नाव कोणाचे आहे. सर्वसाधारणपणे पैसे ज्याने घेतले त्याच्याच वाटेने ते परत येतात. कंपनीचे नाव असेल तर एजंटाकडे पाठवणे ही टाळाटाळ आहे. एजंटाचे नाव असेल तर कंपनीने त्याला रक्कम कधी सोडली ती तारीख प्रवाशाला लेखी द्यावी. त्यानंतरचा प्रश्न एजंटाचा. ‘परतावा प्रक्रियेत आहे’ हे वाक्य तिथे उपयोगाचे नाही. कार्डाने झालेल्या परताव्याला एआरएन नावाचा 23 अंकी संदर्भ क्रमांक पडतो. तो क्रमांक दिला की प्रवाशाच्या बँकेला रक्कम शोधता येते. तो नाही म्हणजे पैसे आपल्याकडून निघालेलेच नाहीत, हे बँकेतला कारकूनही ओळखतो. हा क्रमांक न मागता कळवला तर आपल्या हेल्पलाइनवरचे निम्मे फोन कमी होतील असा माझा अंदाज आहे.

दुसऱ्या बाजूने, बँकेकडे रक्कम उलटवण्याची तक्रार घाईने करणाऱ्या प्रवाशांनाही मी आवरते. तशी तक्रार दाखल झाली की परतावा विभाग फाइल थांबवतो, कारण एकच रक्कम दोन वाटांनी जाण्याचा धोका असतो, आणि आठवड्याचे काम महिन्यांवर जाते. कंपनीने लेखी नकार दिला किंवा तिने स्वतः दिलेली मुदत उलटली, तर मात्र तो मार्ग घ्यावा. बँकेच्या मुदतीही मर्यादित असतात, त्यामुळे ‘आणखी पंधरा दिवस थांबा’ असे वारंवार सांगणे निरुपद्रवी नसते. पंधरा-पंधरा दिवसांच्या अशा आश्वासनांत बँकेची मुदत संपून गेलेली प्रकरणे मी पाहिली आहेत.

आता एक विनंती, जी मान्य करायला कोणताही नवा कायदा लागणार नाही. आपल्या संचालन कक्षाच्या नोंदवहीत प्रत्येक सेवा रद्द करण्याचा निर्णय किती वाजता झाला ती वेळ मिनिटांसह असते. आरक्षण यंत्रणेत प्रत्येक प्रवाशाने रद्दचे बटण कधी दाबले ती वेळही असते. या दोन याद्या शेजारी ठेवा. ज्या प्रवाशांनी आपला निर्णय झाल्यानंतर बटण दाबले आणि तरीही ज्यांच्याकडून कपात झाली, त्यांची नोंद ‘प्रवाशाने रद्द’वरून ‘कंपनीने रद्द’वर बदला आणि कापलेली रक्कम मूळ खात्यात पाठवा, त्यांनी तक्रार केली असो वा नसो. ज्यांची परतीची तिकिटे मधला टप्पा रद्द झाल्यामुळे नो-शो ठरून जप्त झाली, त्यांची यादीही त्याच माहितीतून निघेल. संगणक विभागातल्या माणसाला हे फार दिवसांचे काम नाही, आणि मागील एका वर्षापासून सुरुवात केली तरी चालेल.

या यादीत किती नावे निघाली आणि किती रक्कम परत केली ते आपण जाहीर केल्यास, माझ्याकडे पडून असलेले अर्ज त्याच्याशी ताडून पाहता येतील.

कळावे,

आपली,
परतावा विभागातील एक माजी कर्मचारी